राजीनाम्यातली तारीख

जूनमध्ये शाळेला सुटी असते, आणि नवऱ्याच्या कंपनीचे बदलीचे पत्र नेमके तेव्हाच येते. समजा, अर्जुनी मोरगावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडम आहेत. २०११ची नेमणूक, पंधरा वर्षांची सलग सेवा. नवरा बांधकाम कंपनीत अभियंता. कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी मस्कतला नेमले असून १ सप्टेंबर २०२६ला तिथे रुजू व्हायचे आहे. घरात बैठक बसते, मुलांच्या शाळेचे बोलणे होते, सासूबाईंचे औषधपाणी कोण बघणार याचा हिशेब होतो आणि निर्णय होतो की सगळ्यांनीच जायचे. मग मॅडम वहीतले एक पान काढून लिहायला बसतात: ‘माझ्या पतीची परदेशी बदली झाल्याने मी माझ्या पदाचा नाइलाजाने राजीनामा देत आहे.’

हे एकच वाक्य लिहून त्या थांबल्या, तर पुढे अडचण येईल. घराच्या दृष्टीने या पत्रात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती नवऱ्याची बदली, पण कायदा तिच्याबद्दल काहीच विचारत नाही. त्याला तीन गोष्टी बघायच्या असतात: पत्रावरची तारीख, ते पोचवण्याची रीत आणि त्यात वापरलेला शब्द. या तिन्हींकडे पत्र लिहिणाऱ्याचे लक्ष सहसा सगळ्यात शेवटी जाते.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा सेवाशर्ती विनियमन कायदा आहे, ज्याला शिक्षकांच्या बोलण्यात नुसते ‘एमईपीएस’ म्हणतात. त्याचे सातवे कलम राजीनाम्याबद्दल आहे, आणि ते वाचताना एखाद्या सावध वकिलाने अशिलाला दिलेला सल्लाच वाचतो आहोत असे वाटते. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख घालायची. एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. एवढे बारीक सांगायला कायद्याला काय पडले होते? त्यामागे जुनी दुखरी गोष्ट आहे. नोकरीवर घेतानाच नव्या शिक्षकाकडून तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवायची आणि तो नकोसा झाला की कपाटातला कागद काढून त्यावर तारीख टाकायची, अशी रीत काही संस्थांत होती. सही खरी असल्यामुळे शिक्षकाला भांडायला जागाच उरत नसे. टपालावरचा शिक्का मात्र संस्थेच्या कपाटात तयार होत नाही. पत्र अमुक दिवशी, कर्मचाऱ्याच्याच हातून निघाले, याचा तो तटस्थ पुरावा. राजीनामा खरा होता की घेतलेला होता, हा प्रश्न शाळा न्यायाधिकरणांपुढे आणि उच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा आला, तेव्हा याच कलमाचा आधार घेतला गेला.

आपल्या मॅडम खुशीने जात आहेत, त्यांच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. तरीही ही रीत त्यांनी पाळायला हवी. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पत्र ठेवले आणि ‘सर, बघून घ्या’ म्हटले, तर कायद्याच्या नजरेत राजीनामा नीट दिलेला नाही, असा वाद कधीही निघू शकतो. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे लिहिणे हीसुद्धा चूकच. मुख्याध्यापक हे व्यवस्थापन नव्हे. पत्र संस्थेच्या सचिवांना जायला हवे. मुख्याध्यापकांना माहितीसाठी प्रत द्यावी, दुसरी जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना गोंदियाला पाठवावी.

इथे एक नवी गंमत आहे. २०२५मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत टपाल ही वेगळी सेवा बंद करून ती स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. १९७७च्या कायद्यातला शब्द तसाच राहिला आणि खिडकीवरची सेवा बदलली. आता स्पीड पोस्ट करताना जादा शुल्क भरून ‘नोंदणी’ हा पर्याय मागावा लागतो. जादा शुल्क पाच रुपये आणि त्यावरचा कर, एवढेच. न मागता साधे स्पीड पोस्ट केले तर पाच रुपये वाचतील, पण उद्या कुणी ‘हे नोंदणीकृत टपाल नव्हे’ म्हटले तर उत्तर देणे जड जाईल. पावतीवर नोंदणीचा उल्लेख आला आहे का, हे खिडकीवरून हलण्याआधी बघावे. ती पावती आणि पत्र पोचल्याची संगणकावरची नोंद, दोन्ही आपल्या प्रतीला टाचून ठेवाव्यात.

आता तारीख. खरा पेच इथे आहे. या कायद्याखालच्या १९८१च्या नियमावलीत चाळिसावा नियम राजीनाम्याचा आहे. कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची सूचना द्यायची, कायम नसलेल्याने एका महिन्याची. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे पोटनियम फारसे कुणी वाचत नाही. सुटीचा लाभ मिळणाऱ्या कर्मचाऱ्याने सुटीच्या काळात राजीनाम्याची सूचना द्यायची नाही, आणि सूचनेच्या मुदतीत सुटीचा कुठलाही भाग येईल अशा बेतानेही द्यायची नाही. शिवाय पहिले सत्र सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आतही नाही. उन्हाळ्याच्या सुटीचा पगार घ्यायचा आणि शाळा उघडताच निघून जायचे, किंवा वर्गाची घडी बसत असतानाच वर्ग सोडायचा, हे दोन्ही या नियमाने अडवले आहे. संस्थेच्या बाजूने बघितले तर त्यात गैर काही नाही. अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी विज्ञानाचा शिक्षक सत्राच्या मध्यात गेला, तर त्याची जागा भरेपर्यंत दहावीच्या मुलांचे प्रयोगही होत नाहीत आणि अभ्यासक्रमही पुढे सरकत नाही.

पण या अटींमुळे वर्षात राजीनामा देण्याजोगे दिवस किती उरतात, ते मोजून पाहू. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात किंवा १ जुलैच्या सुमारास उघडतात. २०२६मध्ये शाळा २९ जूनला उघडली असे धरू. म्हणजे २८ जुलैपर्यंत सूचना देता येत नाही. बांधाबांधांवर धानाची रोवणी सुरू असते, तेवढा सगळा काळ थांबायचे. ३० जुलैला पत्र टपालात टाकले आणि तीन कॅलेंडर महिने १ ऑगस्टपासून मोजले, तर ३१ ऑक्टोबरला मुदत संपते. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. दिवाळीची सुटी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली, तर हे गणित जेमतेम, चार दिवसांच्या फरकाने बसते. गेल्या वर्षी ते बसले नसते, कारण २०२५ची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. २०२७लाही लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या अखेरीस आहे, त्यामुळे तेव्हाही बसणार नाही. दिवाळी नोव्हेंबरमध्ये शिरते त्याच वर्षी ही पहिली फट उघडते, असे म्हटले तरी चालेल.

दुसरी फट दिवाळीच्या सुटीनंतरची. नोव्हेंबरच्या अखेरीस पत्र दिले तर डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन महिने होतात. उशिरात उशिरा जानेवारीच्या शेवटी द्यावे, म्हणजे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल भरतात आणि मेमधली सुटी मध्ये येत नाही. जानेवारी संपला की पुढची संधी थेट जुलैअखेरची. कंपनीचे बदलीचे पत्र अर्थातच असे कुठलेही पंचांग बघून येत नाही.

आपल्या मॅडमना १ सप्टेंबरला मस्कतला असायचे आहे, आणि सूचनेची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. दोन महिने कमी पडतात. नियमात यावरही तोड आहे. व्यवस्थापन कर्मचाऱ्याला लवकर सोडू शकते, मात्र जेवढे महिने कमी पडले तेवढ्या महिन्यांचे वेतन कर्मचाऱ्याने भरायचे. हे वेतन म्हणजे भत्ते वगळून मूळ वेतन. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता त्यात धरत नाहीत. मूळ वेतन ५३,००० रुपये असेल तर दोन महिन्यांचे १,०६,००० रुपये होतात. हातात येणाऱ्या एकूण पगारावर हिशेब करून जास्त पैसे मागितले गेले, तर हा नियम दाखवावा.

या पैशावर सूट मागण्याचा मोह होतो. सचिव ओळखीचे असतात, पंधरा वर्षांचा घरोबा असतो, ‘जाऊ द्या मॅडम, तुम्ही कुठे परक्या’ असे ते म्हणतातही. पण सूट देणे त्यांच्या हातात नाही. सूचना न घेता आणि पैसेही न घेता कर्मचाऱ्याला सोडले, तर तेवढी रक्कम शाळेला मिळणाऱ्या अनुदानातून कापली जाते. मुख्याध्यापक पैशांबाबत ठाम राहिले तर तो खडूसपणा समजू नये. न भरलेल्या रकमेचा भार शाळेवर पडतो.

कुटुंबाने १ सप्टेंबरलाच निघायला हवे का, याचाही विचार व्हावा. नवऱ्याने आधी जायचे, तिथे घर आणि मुलांचा शाळाप्रवेश बघायचा, मॅडमनी दोन महिने शिकवून ३१ ऑक्टोबरला मोकळे व्हायचे आणि दिवाळी मस्कतला करायची, असा मार्ग काढला तर लाखभर रुपये वाचतात. शिवाय व्हिसा हातात येईपर्यंत नोकरीही शाबूत राहते.

व्हिसाचा मुद्दा इथेच घेतो, कारण राजीनाम्याच्या तारखेशी त्याचा संबंध आहे. ‘तात्काळ प्रभावाने’ राजीनामा दिला आणि कुटुंबाचा व्हिसा अडकला, तर ना नोकरी ना परदेश. पुढची तारीख घालून दिलेला राजीनामा मात्र ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये पक्के केले. तो खटला एका न्यायाधीशांच्याच राजीनाम्याचा होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना पत्र लिहून १ ऑगस्टपासून पद सोडत असल्याचे कळवले, आणि १५ जुलैला दुसरे पत्र पाठवून ते मागे घेतले. एका वकिलाने आव्हान दिले. ते उच्च न्यायालयात जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयात हरले. दिलेली तारीख उगवेपर्यंत राजीनामा अमलात येत नाही, म्हणून तो मागे घेता येतो, असा निवाडा झाला. सतीश चंद्र पुढे त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. हे तत्त्व इतर नोकऱ्यांनाही लावले गेले आहे. अर्थात मधल्या काळात संस्थेने दुसऱ्याची नेमणूक करून टाकली असेल, तर वाद होणारच. म्हणून व्हिसा फेटाळला गेला किंवा बदली रद्द झाली, तर एक दिवसही न दवडता राजीनामा मागे घेण्याचे पत्र त्याच नोंदणीच्या टपालाने पाठवावे.

राहिला शब्द. मॅडमनी पहिल्याच वाक्यात ‘नाइलाजाने’ लिहिले होते. मनातले खरे तेच असेल, पण राजीनाम्यात तो शब्द नको. राजीनामा स्वेच्छेचा आणि निःसंदिग्ध असावा लागतो. अटी घातल्या की तो राजीनामा उरतो का, हाच प्रश्न पडतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे अलाहाबादच्याच एका रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ डॉ. प्रभा अत्री यांचे. (आपल्या गायिका प्रभा अत्रे नव्हेत.) निलंबनाला उत्तर देताना त्यांनी लिहिले होते की म्हणणे मान्य नसेल तर राजीनामा देण्यावाचून पर्याय नाही. रुग्णालयाने त्यालाच राजीनामा मानले आणि तो स्वीकारूनही टाकला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा राजीनामा नव्हेच, कारण पद सोडण्याचा स्पष्ट हेतू त्यात दिसत नाही. मस्कतला निघालेल्या मॅडमनी याची उलटी बाजू लक्षात घ्यावी. ‘परत आल्यावर मला पुन्हा सामावून घ्यावे’ असे वाक्य राजीनाम्यात टाकले, तर त्याने पुनर्नेमणुकीचा हक्क मिळत नाही. मिळतो तो फक्त संदिग्धपणा.

परत यायची इच्छा खरी असेल, तर ती राजीनाम्यात न लिहिता बिनपगारी रजेचा वेगळा अर्ज करून बघावा. बदली तीन वर्षांची आहे, कायमची नाही. पण अशी रजा हक्काची नसते, मंजुरी वरच्यांच्या हाती असते, आणि वैद्यकीय कारणाशिवाय घेतलेला असा काळ निवृत्तिवेतनाच्या सेवेत सहसा धरला जात नाही. विज्ञानाचे पद तीन वर्षे अडवून ठेवायला कोणती संस्था तयार होईल, हाही प्रश्न आहेच. अर्ज जरूर करावा, त्यावर विसंबून तिकिटे काढू नयेत.

सगळ्यात महाग पडणारा शब्द मात्र ‘राजीनामा’ हाच आहे, आणि तो कुणाला महाग पडतो हे नेमणुकीच्या तारखेवर ठरते. राज्यात १ नोव्हेंबर २००५पूर्वी नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आहे, त्यानंतरच्यांना अंशदानाचे. जुन्या योजनेतल्या कर्मचाऱ्याने राजीनामा दिला की महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, १९८२च्या ४६व्या नियमाने आधीची सगळी सेवा बुडते. त्याच नियमांत २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, आणि तीत निवृत्तिवेतन मिळते. सूचनेची मुदत सारखीच, मस्कतही तेच, फरक एका शब्दाचा. चुकून ‘राजीनामा’ लिहिला आणि नंतर ‘माझा अर्थ स्वेच्छानिवृत्ती असा होता’ म्हटले तर न्यायालय ऐकते का? वीस वर्षे भरली म्हणून राजीनाम्याला स्वेच्छानिवृत्ती मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये दिल्लीच्या एका वीज कंपनीच्या खटल्यात स्पष्ट सांगितले.

यातून एक साधा हिशेब निघतो, आणि स्टाफरूममध्ये तो फारसा कुणी केलेला दिसत नाही. जुन्या योजनेतल्या सगळ्यात शेवटच्या शिक्षकाची नेमणूकही साधारणपणे ऑक्टोबर २००५ची. म्हणजे ऑक्टोबर २०२५ उलटल्यावर, बिनपगारी रजा किंवा न धरला जाणारा विनाअनुदानित काळ मध्ये नसेल, तर त्या योजनेतल्या जवळपास प्रत्येकाची वीस वर्षे भरलेली आहेत. आज जुन्या योजनेतल्या शिक्षिकेने नवऱ्याच्या बदलीसाठी ‘राजीनामा’ हा शब्द लिहिण्याचे जवळपास कारणच उरलेले नाही. तिने आधी सेवापुस्तक काढून अर्हताकारी सेवा मोजून घ्यावी. थोडे महिने कमी भरत असतील, तर तेवढे महिने थांबणे कुठल्याही विमान तिकिटापेक्षा स्वस्त आहे.

आपल्या मॅडम २०११च्या, म्हणजे अंशदान योजनेतल्या. त्यांची सेवा बुडण्याचा प्रश्न तसा नाही, कारण त्यांच्या खात्यावर पैसा साठतो, आणि तो त्यांचाच. पण निवृत्तीच्या वयाआधी बाहेर पडताना तो सगळा हातात येत नाही. साधारण नियम असा की जमा रकमेच्या किमान ८० टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यावी लागते. २० लाख साठले असतील तर १६ लाख वार्षिकीत जातील आणि चार लाख रोख मिळतील. घाईने हे करण्यापेक्षा खाते चालू ठेवणे बहुधा शहाणपणाचे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ते ठेवता येते. मात्र निघण्याआधी एक गोष्ट बघावी. एप्रिल २०१९पासून शासनाचा हिस्सा १४ टक्के आहे आणि कर्मचाऱ्याचा १०. आपल्या पगारातून कापलेला आणि शासनाचा असे दोन्ही हिस्से महिन्यामहिन्याने खात्यावर जमा झालेले दिसतात का, हे खात्याचे विवरण काढून पडताळावे. राहिलेले हप्ते मस्कतहून पत्र लिहून मिळवणे सोपे नाही. वेतन पथकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन उभे राहिल्याखेरीज असे काम क्वचितच हलते.

मग पत्र असे होईल:

‘मा. सचिव यांस. महोदय, मी आपल्या संस्थेच्या शाळेत सहायक शिक्षिका या कायम पदावर कार्यरत आहे. माझ्या पतीची नेमणूक ओमानमध्ये झाल्याने मी कुटुंबासह तेथे जात आहे. त्यामुळे मी माझ्या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे. नियमानुसार १ ऑगस्ट २०२६पासून तीन कॅलेंडर महिन्यांची ही सूचना असून ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी कामकाज संपल्यावर मला कार्यमुक्त करावे. सेवापुस्तकातील नोंदी पूर्ण करून अंतिम वेतन प्रमाणपत्र, कार्यमुक्तीचा आदेश व अनुभव प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.’ खाली सही आणि तारीख, ३० जुलै २०२६.

नवऱ्याच्या बदलीचे वाक्य यात ठेवले आहे, कायदा मागत नसला तरी. त्याने पत्रामागे भांडण किंवा दबाव नाही हे दिसते, आणि संस्थेतल्या माणसांनाही बरे वाटते. पण ते एका वाक्यात आटोपले आहे, आणि व्हिसा, तिकीट, सासूबाई यांना पत्रात जागा दिलेली नाही.

शेवटच्या ओळीतली अनुभव प्रमाणपत्राची मागणी मात्र काढू नये. मस्कतला भारतीय शाळा आहेत आणि मॅडमना तिथे पुन्हा वर्गात उभे राहायचे असेल, तर हा कागद लागेल. तो ओमानला चालण्यासाठी त्यावर आधी राज्याचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल घ्यावे लागते. ओमान अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने दूतावासाची वेगळी मोहर लागत नाही. प्रमाणपत्रावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. सेवापुस्तकात माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे असेल तर ती दुरुस्ती ऑगस्टमध्येच, शाळेत रोजची हजेरी असतानाच करून घ्यावी.